पिवळा दिवा आणि शेवटचे तीस मीटर

सिग्नल हिरवा आहे, रस्ता कोरडा आहे, समोर मोकळं आहे आणि तुम्ही ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने चौकाकडे निघाला आहात. थांबण्याची पांढरी रेषा अजून ६० मीटर लांब आहे. तेवढ्यात पिवळा लागतो. आपल्या शहरांत अशा वेळी दहापैकी निदान पाच-सहा जण ॲक्सिलरेटर पिळतात. तीन सेकंद आहेत, थोडी दाबली तर निघून जाऊ, असा त्यांचा हिशेब असतो. तो कागदावर मांडून बघण्यासारखा आहे, कारण तिथे तो सपशेल चुकतो.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. दिवा बदललेला दिसणं, त्याचा अर्थ लागणं आणि हात किंवा पाय हलणं यात पहिलं एक सेकंद जातं. तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे सरकलेली असते आणि रेषा ४६ मीटरवर उरते. आता पिवळ्याची दोन सेकंदं हातात आहेत. वेग तोच ठेवला तर या दोन सेकंदांत २८ मीटर कापले जातात आणि लाल लागतो तेव्हा रेषा १८ मीटर पुढेच असते. मग गाडी दाबून बघू. साधी स्कूटर किंवा छोटी कार अशा वेगात असताना दर सेकंदाला तिचा वेग ताशी पाचेक किलोमीटरने वाढवता येतो. दोन सेकंद जोर लावून जादा अंतर किती मिळतं? तीन मीटर. लाल लागतो तेव्हा रेषा तरीही १५ मीटर पुढे आहे, फक्त आता तुमचा वेग ५० नसून ६० आहे.

त्याच ठिकाणी त्याच क्षणी ब्रेक लावला असता तर? ५० च्या वेगावरून सावकाश पण ठाम ब्रेक दाबला, म्हणजे मागे बसलेली व्यक्ती जराशी पुढे झुकेल पण आदळणार नाही इतका, तर गाडी सुमारे ३२ मीटरमध्ये उभी राहते. तुमच्याकडे ४६ मीटर होते. म्हणजे रेषेच्या १४ मीटर अलीकडे तुम्ही आरामात थांबला असता आणि मग हळूहळू पुढे सरकत रेषेपर्यंत आला असता. ज्याला आपण कात्रीत सापडलो असं वाटतं, त्याच्याकडे खरं तर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा शिल्लक होती. पिवळ्यावर वेग वाढवणं अवैध आहे की नाही हा मुद्दा नंतरचा. त्याने काही साधतच नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. दोन सेकंदांत गाडीला जे तीन मीटर जास्त मिळतात त्यांनी निकाल बदलत नाही. बदलतो तो फक्त टक्कर झालीच तर तिचा जोर.

पिवळ्याचा अर्थ काय, याबद्दल आपल्याकडे गोंधळ आहे आणि त्याचं मूळ बालपणात आहे. शाळेत आपण लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा आणि पिवळा म्हणजे तयार राहा असं पाठ केलं. कशाला तयार राहायचं ते कुणी सांगितलं नाही. बहुतेकांनी त्याचा अर्थ ‘निघायला तयार राहा’ किंवा ‘आटपा लवकर’ असा आपापला लावून घेतला. प्रत्यक्षात हिरव्यानंतर लागलेला पिवळा हा थांबण्याचाच आदेश आहे आणि त्याला एकच अपवाद आहे. रस्त्यावरच्या चिन्हांबद्दल १९६८ साली व्हिएन्ना इथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात हा अर्थ स्वच्छ सांगितला आहे: पिवळा लागल्यावर कुठल्याही वाहनाने रेषा ओलांडायची नाही, मात्र दिवा लागला त्या क्षणी वाहन रेषेच्या इतकं जवळ असेल की सुरक्षितपणे थांबणं शक्यच नाही, तर त्याने पुढे जावं. इंग्लंडची वाहतूक नियमांची पुस्तिकाही हेच सांगते. म्हणजे पुढे जाण्याची मुभा आहे, पण ती घाईत असलेल्याला नाही, ज्याला थांबता येत नाही त्याला आहे.

आपल्याकडे वाहतूक चिन्हांचं पालन करण्याची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या ११९ व्या कलमात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणं हे धोकादायक वाहन चालवण्याच्या १८४ व्या कलमात नाव घेऊन घातलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. ती लालसाठी आहे हे खरं, पण आपण वर पाहिलं की ६० मीटरवरून पिवळा पकडू पाहणारा माणूस लालमध्येच जाऊन पोचतो.

मग ‘थांबणं शक्यच नाही’ हे ठरवायचं कसं? इथे या विषयाचा खरा गाभा आहे, आणि तो पहिल्यांदा नीट मांडणारी माणसं वाहतूक पोलीस नव्हती, भौतिकशास्त्राच्या गणितात मुरलेली होती. १९६० साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या डेनोस गाझिस, रॉबर्ट हर्मन आणि ॲलेक्सी मॅराडुडिन यांनी पिवळ्या दिव्यावर एक शोधनिबंध लिहिला. यातले हर्मन म्हणजे तेच, ज्यांनी राल्फ आल्फर यांच्याबरोबर १९४८ मध्ये विश्वाच्या जन्मापासून उरलेल्या प्रारणाचं तापमान आधीच सांगून ठेवलं होतं. विश्वाच्या आरंभाचं गणित करणाऱ्या माणसाला चौकातला पिवळा दिवा विचार करण्याजोगा वाटला, याचं मला फार अप्रूप आहे.

या तिघांनी विचारलेला प्रश्न साधा होता. पिवळा लागला तेव्हा गाडी रेषेपासून अमुक अंतरावर आहे. त्या अंतरातून दोन गोष्टी मोजता येतात. एक, थांबायला किती अंतर लागेल. दुसरं, पिवळा संपेपर्यंत आहे त्याच वेगाने किती अंतर जाता येईल. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा मोठं असेल तर सगळं सुरळीत आहे, कारण गाडी कुठेही असो, ती एक तर थांबू शकते किंवा निघून जाऊ शकते. पण थांबायला लागणारं अंतर जास्त निघालं, तर रस्त्याचा एक पट्टा असा तयार होतो की तिथे सापडलेल्या चालकाला थांबताही येत नाही आणि वेळेत रेषाही ओलांडता येत नाही. नियम पाळायची कितीही इच्छा असली तरी तो पाळता येत नाही, असा तो पट्टा. आपण त्याला कोंडीचा पट्टा म्हणू.

आता आपल्या रस्त्यांवर हे लावून बघू. पिवळा तीन सेकंदांचा धरू आणि ब्रेक मघासारखाच ठाम पण सावकाश. ताशी ४० किलोमीटरवर थांबायला साधारण ३२ मीटर लागतात आणि तीन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. गणित जुळलं, कोंडी नाही. ५० वर थांबायला ४६ मीटर लागतात आणि जाता येतं ४२ मीटर. चार-पाच मीटरचा पट्टा तयार झाला. ब्रेक थोडा जोरात दाबला तर त्यातून सुटका होते. ६० वर मात्र थांबायला ६३ मीटर लागतात आणि जाता येतं फक्त ५० मीटर. तेरा मीटरचा पट्टा असा की त्यात सापडलेला माणूस एक तर टायर घासत थांबणार किंवा लाल तोडणार. म्हणूनच जर्मनीत जिथे वेगमर्यादा ५० आहे तिथे पिवळा तीन सेकंदांचा, ६० असेल तिथे चार आणि ७० असेल तिथे पाच सेकंदांचा ठेवतात. पिवळ्याची लांबी ही रस्त्याच्या वेगावरून ठरायला हवी. सगळ्या चौकांना एकच आकडा लावला की मोठ्या रस्त्यांवर कोंडीचे पट्टे आपोआप तयार होतात.

चालकाच्या दृष्टीने या गणितातून एक गोष्ट निघते. पिवळा तीन सेकंदांचा असेल तर ४० किंवा त्याखालच्या वेगाने चौकाशी येणारा माणूस कधीच कोंडीत सापडत नाही. निर्णय कुठे घ्यायचा हेही मग सोपं होतं: रेषेच्या अलीकडे साधारण ३० मीटरवर. पण ३० मीटर म्हणजे नेमके किती, हे हँडलवर बसून कुणाला कळणार? त्यासाठी खांब उपयोगी पडतात. शहरातल्या रस्त्यांवर दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर बहुधा २५ ते ३० मीटर असतं. रेषेपासून एका खांबाचं अंतर मागे जा आणि तिथला खांब, झाड किंवा दुकानाची पाटी मनाशी धरा. त्या खुणेच्या अलीकडे असताना पिवळा लागला तर थांबायचं. खूण ओलांडल्यानंतर लागला तर आहे त्याच वेगाने, ना वाढवता ना कचरता, निघून जायचं. रोजच्या वाटेवरच्या दोन-तीन चौकांत ही खूण एकदा पक्की केली की आठवड्याभरात नजरेला सवय होते आणि नव्या चौकातही तेवढं अंतर आपोआप दिसू लागतं.

याचा दुसरा अर्थ असा की निर्णय पिवळा लागल्यावर घ्यायचाच नाही. तो आधी घेऊन ठेवायचा. लांबून हिरवा दिसतो आहे आणि आपण पाहिल्यापासून तो हिरवाच आहे, म्हणजे आता कधीही बदलेल असं धरावं. चौक शंभर-सव्वाशे मीटरवर आला की ॲक्सिलरेटर सैल सोडावा, वेग चाळिशीत आणावा, आरशात एकदा मागे बघावं आणि कारचा पाय ब्रेकवर नुसता ठेवावा. दुचाकीवर बोटं ब्रेकच्या दांड्यावर आणावीत. दाबायचं काही नाही. पण प्रतिसादाचं जे एक सेकंद आपण धरलं होतं, ते यामुळे अर्धं-पाऊण होतं आणि ४० च्या वेगाला चार-पाच मीटर हातात येतात. दाबून मिळालेल्या तीन मीटरपेक्षा हे जास्त आहेत.

आरशात बघण्याला कारण आहे. पिवळ्यावर थांबणाऱ्याला आपल्याकडे सगळ्यात जास्त भीती लालची नसते, मागच्याची असते. मागून रिक्षा चिकटून येते आहे, आपण ब्रेक दाबला तर ती आपल्यावर येईल, म्हणून आपणही निघून जाऊ, असा विचार अनेक जण करतात, आणि तो पूर्ण चुकीचा नाही. सुरक्षितपणे थांबता येत नाही या अपवादात मागून आदळण्याचा धोकाही येतो. पण त्यावरचा उपाय लवकर सुरू होतो. मागचा चिकटलेला दिसला की चौक यायच्या आधीच वेग उतरवावा आणि ब्रेकला एक-दोनदा हलका स्पर्श करावा, म्हणजे मागचा लाल दिवा चमकेल आणि आपण थांबण्याच्या बेतात आहोत हे त्याला कळेल. त्यातूनही तो हॉर्न वाजवत राहिला तर वाजवू द्यावा. पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर राखायची जबाबदारी कायद्याने मागच्यावर टाकली आहे.

दुचाकीवर आणखी एक अडचण आहे. घाबरून मागचा ब्रेक एकदम दाबला की चाक लॉक होतं आणि गाडी मागून फिरते. थांबायचं असेल तर गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, आणि पुढचा आधी हलका मग वाढवत दाबावा. सगळा वेग पांढऱ्या रंगाच्या अलीकडेच उतरला पाहिजे, कारण रेषेवरचा आणि झेब्रावरचा रंग ओला झाला की निसरडा होतो. पहिल्या पावसात, रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा तर वरची सगळी अंतरं वाढतात. ओल्या रस्त्यावर ब्रेकचा जोर थोडा कमी धरला तर ४० वरून थांबायला ३२ च्या जागी ३६ मीटर लागतात आणि तीन सेकंदांत तुम्ही ३३ मीटरच जाता. म्हणजे कोरड्या दिवशी सुरक्षित असलेल्या वेगालाही पावसात कोंडी आहे. वेग ३० वर आणला की ती पुन्हा नाहीशी होते: थांबायला २२ मीटर, जायला २५.

बसच्या चालकाची अवस्था वेगळी असते आणि तिच्याकडे सहानुभूतीने बघायला हवं. भरलेल्या शहर बसमध्ये वीस-पंचवीस माणसं दांडीला धरून उभी असतात. कारसारखा ब्रेक तो दाबू शकत नाही. दाबला तर म्हातारं माणूस पडेल. ब्रेक त्याच्या दोन-तृतीयांश जोराने लावला तर ४० च्या वेगावरून बसला थांबायला ४२ मीटर लागतात, तर तीन सेकंदांत ती ३३ मीटर जाते. नऊ मीटरचा पट्टा असा की तिथे बसचालक नियमात बसूच शकत नाही. आपल्या पुढची बस पिवळ्याच्या अगदी शेवटी निघून गेली म्हणून आपणही तिच्या मागोमाग जायचं, हा प्रकार म्हणूनच घातक आहे. तिला थांबणं जमलं नसेल. तुम्हाला जमत होतं. शिवाय तिच्या पाठीमागे असताना तुम्हाला सिग्नल दिसतच नाही, तुम्ही चौकात शिरता तेव्हा तो कधीचाच लाल झालेला असतो.

लाल लागल्या लागल्या जे चौकात शिरतात त्यातले बरेच वाचतात, आणि त्यामागेही एक रचना आहे. नीट आखलेल्या सिग्नलमध्ये एका बाजूचा लाल लागल्यावर दुसऱ्या बाजूला लगेच हिरवा देत नाहीत. मध्ये एखाद-दोन सेकंद सगळीकडे लाल असतो, कारण पिवळ्याच्या शेवटी जे रेषा ओलांडून आत आलेत त्यांना चौकाबाहेर पडायला वेळ लागतो. हा वेळ त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडे मात्र तो दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. इकडचा उशिरा शिरतो, आणि तिकडचा उलट मोजणीचे आकडे बघत तीन, दोन असं होताच क्लच सोडतो. वरच्या उदाहरणातला माणूस लाल लागल्यावर पहिल्या सेकंदाच्या अखेरीस ६० च्या वेगाने रेषेवर येतो आणि साधारण दोन सेकंदांनी चौकाच्या मध्यावर पोचतो. तिकडून लवकर सुटलेली दुचाकी नेमकी तेव्हाच मध्यावर येते. दोघांनाही वाटत असतं की आपण फक्त एक-दोन सेकंदांचा फायदा घेतला.

उलट मोजणीच्या आकड्यांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. लाल किती उरला ते दाखवणारा आकडा इंजिन बंद करायला उपयोगी पडतो, तो असू द्यावा. पण शेवटची काही सेकंदं तो दिसू नये. हिरवा किती उरला ते दाखवणारा आकडा मात्र लांबून येणाऱ्याला शर्यतीचं आमंत्रण देतो. हिरव्याची चार सेकंदं उरली आहेत हे शंभर मीटरवरून दिसलं की माणूस पिवळा लागण्याच्या आधीच गाडी दाबतो, आणि मग चौकाशी त्याचा वेग ४० नसतो, ६० असतो. ज्या वेगाला कोंडीचा पट्टा सगळ्यात लांब, त्याच वेगाला तो तिथे पोचतो. आकडे असलेल्या चौकात हे ओळखून वागायचं असेल तर हिरव्याची पाचेक सेकंदं उरली असताना आपण खुणेच्या खांबापासून बरेच मागे असलो, तर तो सिग्नल आपल्यासाठी संपला असं समजून पाय सैल करावा.

वळणाऱ्यांची गोष्ट मूळ गणितातून सुटली होती, आणि ती लक्षात आणून दिली एका सामान्य नागरिकाने. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मॅट्स यर्लस्ट्रॉम या मूळच्या स्वीडिश इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्याच्या पत्नीला सिग्नलच्या कॅमेऱ्यामुळे दंड झाला. तो का झाला हे शोधताना त्यांच्या ध्यानात आलं की जुन्या सूत्रात गाडी एक तर सरळ त्याच वेगाने जाते किंवा थांबते असं धरलं आहे. पण वळणाऱ्याला रेषेशी येताना वेग कमी करावाच लागतो, त्यामुळे त्याला जास्त वेळ लागतो आणि पिवळा त्याला अपुरा पडतो. हे गणित त्यांनी जाहीरपणे मांडलं, तेव्हा तिथल्या अभियंता परवाना मंडळाने परवान्याशिवाय अभियांत्रिकी केल्याबद्दल त्यांनाच ५०० डॉलरचा दंड ठोठावला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दोन वर्षांनी वाहतूक अभियंत्यांच्या अमेरिकेतल्या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूत्रात वळणाऱ्यांचा विचार घातला. आपल्या चौकात याचा उपयोग असा: उजवीकडे वळायचं असेल आणि खुणेपाशीच असताना पिवळा लागला, तर सरळ जाणाऱ्यापेक्षा तुमच्याकडे कमी वेळ आहे. अशा वेळी थांबण्याकडेच कल ठेवावा.

पण एकदा रेषा ओलांडली की विचार बदलू नये. चौकात शिरल्यावर अचानक कचरून झेब्रावर किंवा त्याच्या पुढे गाडी उभी करणं हे पिवळ्यावर निघून जाण्यापेक्षा वाईट आहे. झेब्रावरून चालणाऱ्यांना तुमच्याभोवती वळसा घालून थेट वाहनांच्या तोंडात जावं लागतं आणि मागे सरकायला गेलात तर मागचा रिव्हर्सची अपेक्षा करत नसतो. याला अपवाद एकच: चौकापलीकडे वाहनं तुंबलेली असतील तर हिरवा असला तरीही रेषेच्या अलीकडेच थांबायचं.

रात्री उशिरा बऱ्याच चौकांत पिवळा नुसता उघडझाप करत असतो. त्याचा आणि हिरव्यानंतरच्या पिवळ्याचा अर्थ वेगळा आहे. उघडझाप म्हणजे इथे आत्ता सिग्नल चालू नाही, वेग कमी करा, बघा आणि जपून जा. तो तुम्हाला पहिला हक्क देत नाही. समोरच्या, डावीकडच्या, उजवीकडच्या सगळ्यांनाच तो तसाच दिसत असू शकतो. सिग्नल नसलेल्या चौकाचा नियम तिथे लागतो: मोठ्या रस्त्यावरून येणाऱ्याला आधी वाट, आणि दोन्ही रस्ते सारखे असतील तर आपल्या उजव्या हाताने येणाऱ्याला आधी वाट. लाल दिवा उघडझाप करत असेल तर मात्र आधी पूर्ण थांबायचं आणि मग बघून निघायचं.

एखाद्या चौकात दर वेळी आपण लालमध्येच सापडतो, शेजारीपाजारीही तीच तक्रार करतात आणि चलनं येत राहतात, असं असेल तर दोष कदाचित चालकांचा नसून दिव्याचा असतो. हे तपासता येतं. फुटपाथवर उभं राहून मोबाइलवर सिग्नलचा व्हिडिओ घ्यावा, त्यात हिरवा विझताना आणि लाल लागताना दोन्ही क्षण यावेत. साध्या व्हिडिओत सेकंदाला बहुधा ३० चित्रं असतात. घरी येऊन एकेक चित्र सरकवत मोजलं की पिवळा किती लांब आहे ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत कळतं. ९० चित्रं निघाली तर तीन सेकंद, ६० निघाली तर दोनच. दोन सेकंदांच्या पिवळ्यात ४० च्या वेगाने येणाऱ्यालाही दहा मीटरचा कोंडीचा पट्टा मिळतो, आणि त्यात सापडलेल्याला दोष देण्यात अर्थ नाही. मोजणी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वेगवेगळी करावी, कारण सिग्नलच्या यंत्रात दिवसाच्या वेळेप्रमाणे निरनिराळी वेळापत्रकं भरलेली असू शकतात. शिवाय चौकाच्या चारही बाजू सारख्याच असतील असं नाही. शहराच्या वाहतूक शाखेकडे आणि महापालिकेच्या विद्युत किंवा पथ विभागाकडे अर्ज देताना चौकाचं नाव, कोणत्या बाजूचा दिवा, तारीख, वेळ, मोजलेले सेकंद आणि त्या रस्त्यावर फलकाने लावलेली वेगमर्यादा एवढं लिहावं आणि व्हिडिओ जोडावा. सिग्नल फार लवकर पडतो, असा मोघम अर्ज फाइलला लागतो. अमुक बाजूचा पिवळा दोन सेकंदांचा आहे आणि रस्त्याची मर्यादा ५० ची आहे, असं लिहिलेलं असेल तर यंत्राचा नियंत्रक उघडून आकडा बदलणाऱ्या माणसाला नेमकं काय करायचं ते कळतं.